इअरफोनवर मोठ्याने गाणी ऐकल्यावर कानात शिट्टी वाजते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या आवाजात गाणी ऐकून इअरफोन काढले आणि कानात बारीक आवाज सुरू झाला, तर पहिल्या काही तासांपासून पुढच्या काही आठवड्यांपर्यंत काय करायचं, एवढंच इथे आहे. मास्किंग ॲप, म्हणजे शिट्टी कमी जाणवावी म्हणून पावसासारखा हलका आवाज वाजवणारं ॲप, याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे. ही ॲप्स बहुतेक लोक चुकीच्या आवाजात लावतात आणि मग "काही उपयोग होत नाही" म्हणून सोडून देतात.

काल रात्री बराच वेळ इअरफोनवर गाणी ऐकली. आता कानात शिट्टी वाजतेय. हे नेमकं काय आहे?

बाहेर काहीच वाजत नसताना ऐकू येणाऱ्या आवाजाला टिनिटस किंवा कर्णनाद म्हणतात. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिड्यांसारखी किरकिर, कुणाला नुसती गुणगुण. मोठ्या आवाजानंतर येणारा नाद बहुतेक वेळा उंच पट्टीतला असतो. बरोबर कानाला दडा बसल्यासारखं वाटतं आणि समोरच्याचं बोलणं थोडं दबून ऐकू येतं.

आतल्या कानात कोक्लिया नावाची शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. प्रत्येक कानात सुमारे 3,500 आतल्या आणि सुमारे 12,000 बाहेरच्या. आतल्या पेशी मेंदूकडे खबर पाठवतात, बाहेरच्या पेशी बारीक आवाज मोठा करून देतात. मोठ्या आवाजाचा मार सर्वात आधी 3,000 ते 6,000 हर्ट्‌झ या उंच स्वरांच्या पट्ट्यावर बसतो. त्या पेशी दमल्या की तिथून मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. दूरचं स्टेशन नीट लागत नाही म्हणून आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते, साधारण तसंच मेंदू करतो. कमी पडलेला संदेश पकडण्यासाठी तो स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि मज्जातंतूंची एरवी न जाणवणारी हालचाल आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. म्हणूनच शिट्टीची पट्टी बऱ्याचदा ज्या भागाला मार बसला त्याच्या जवळपासची असते.

ती आपोआप जाईल का? किती वाट पाहायची?

एखाद्या वेळच्या मोठ्या आवाजानंतर आलेली शिट्टी आणि दडा बहुतेकांच्या बाबतीत काही तासांत ओसरू लागतो आणि एक-दोन दिवसांत जातो. या काळात ऐकण्याची पातळी तात्पुरती खाली गेलेली असते आणि ती हळूहळू वर येते.

मी 48 तासांची मर्यादा धरायला सांगेन. तेवढ्या वेळात शिट्टी कमी होत चालली असेल, तर वाट पाहायला हरकत नाही. दोन दिवसांनंतरही ती तेवढीच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घ्या आणि ऐकण्याची चाचणी करून घ्या. मात्र ही मर्यादा फक्त दोन्ही कानांत सारख्या वाजणाऱ्या साध्या शिट्टीसाठी आहे. पुढच्या प्रश्नातलं एकही तातडीचं लक्षण असेल, तर 48 तास थांबू नका.

कोणत्या लक्षणांना त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा?

सर्वात महत्त्वाचं लक्षण म्हणजे एका कानाने अचानक कमी ऐकू येणं. लोक याला दडा समजून आठवडाभर काढतात, आणि याचंच मला सर्वात वाईट वाटतं. काही तासांत किंवा जास्तीत जास्त तीन दिवसांत आतल्या कानाची श्रवणशक्ती घसरली, तर ती तातडीची बाब असते. तिच्यावर स्टेरॉइडचे उपचार करतात. ते जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्यांचा उपयोग होण्याची शक्यता कमी होत जाते.

घरी पाहायची एक सोपी रीत आहे. फोनवर कुणाशी बोलताना आवाज आहे तसाच ठेवून फोन आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावा. एका बाजूला शब्द स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला चिरके किंवा दबलेले वाटत असतील, तर आजच दाखवा. कदाचित मळच निघेल. पण ते कानात पाहूनच कळतं, अंदाजाने नाही.

दुसरं लक्षण ठोक्यांचं. मनगटावरची नाडी बोटांनी चाचपा आणि कानातला आवाज तिच्या तालात धडधडतोय का ते पाहा. ताल जुळत असेल, तर हा मोठ्या गाण्यांचा परिणाम नसून रक्तवाहिन्यांशी संबंधित काही असू शकतं आणि त्याची तपासणी वेगळी असते.

याशिवाय गरगरणारी चक्कर, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, कानातून पाणी, पू किंवा रक्त येणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, यातलं काहीही असेल तर लगेच जा. आवाजामुळे जीव नकोसा वाटत असेल, तर तेही तातडीचंच आहे. जवळच्या माणसाला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

शिट्टी फक्त एकाच कानात असेल आणि बाकी काहीच लक्षण नसेल, तर घाई नसली तरी तपासणी टाळू नका. इअरफोन दोन्ही कानांत सारखेच वाजतात. मग परिणाम एकाच बाजूला का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडतो. क्वचित श्रवणाच्या मज्जातंतूजवळ हळू वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ असू शकते. ती नाही ना, याची खात्री एमआरआयने करतात.

पण आवाज इतका मोठा नव्हता हो. गाणी तर नेहमीचीच ऐकतो!

आवाजाचा मोठेपणा आणि ऐकण्याचा वेळ, दोन्ही मिळून कानावरचा भार ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबल आवाजात 40 तास, हा साधारण सुरक्षित हिशोब आहे. दर 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक विद्यार्थिनी रात्रीच्या प्रवासात तीन तास गाणी ऐकते. गाडीची घरघर गाण्यावर मात करते, म्हणून ती आवाज वाढवत नेते आणि तो कानात 95 डेसिबलपर्यंत जातो. फोनच्या आवाजाची पट्टी शेवटाकडे नेल्यावर अनेक इअरफोन तेवढा आवाज सहज देतात. 80 पासून 95 पर्यंत 15 डेसिबल, म्हणजे वेळ पाच वेळा निम्मा करायचा: 40, 20, 10, 5, अडीच, सव्वा. आठवड्याला सव्वा तास. तिने एका रात्रीत तीन तास ऐकलं, म्हणजे जवळजवळ अडीच आठवड्यांचा वाटा एका बैठकीत संपवला. तिला मात्र आवाज मोठा वाटलाच नाही, कारण आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा तो थोडाच वर होता. शिवाय अर्ध्या तासात कान सरावतात, मग तोच आवाज कमी वाटू लागतो.

सकाळी उठल्यावर तिला शिट्टी आणि थोडा दडा जाणवतो. तिचं पुढे काय होतं ते पुढच्या उत्तरांत येत जाईल.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

कानांना विश्रांती द्यायची. इअरफोन बाजूला ठेवायचे, मिक्सर, ड्रिल, लाऊडस्पीकर यांच्यापासून लांब राहायचं. अजून वाजतंय का, हे पाहण्यासाठी पुन्हा तेच गाणं लावू नका.

विश्रांती म्हणजे शुकशुकाट नव्हे, आणि इथे बरेच जण चुकतात. घाबरून कानात बोळे घालतात, खोली बंद करून बसतात, आणि शिट्टी आणखी मोठी वाटू लागते. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते विचारलं. त्यांतल्या 94 टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं, आणि त्यांना कर्णनादाचा त्रास नव्हता. पूर्ण शांततेत मेंदू आतलंच ऐकू लागतो. म्हणून पंखा चालू ठेवा, खिडकी उघडी ठेवा, घरातलं रोजचं बोलणं चालू द्या.

आमची विद्यार्थिनी या दोन दिवसांत मास्किंग ॲपसुद्धा इअरफोनवर लावत नाही. झोप लागत नसेल, तर फोन खाटेपासून दूर ठेवून स्पीकरवर हळू आवाजात पाऊस लावते. कानात तेल किंवा मनाने आणलेले थेंब घालत नाही. केसपेशी पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत असतात. थेंब तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

शिट्टी दुसऱ्या दिवशी थांबली. म्हणजे कान पूर्ण बरा झाला ना?

ऐकण्याची पातळी बहुधा पूर्ववत झाली. पण सगळं जसंच्या तसं झालं, असं खात्रीने म्हणता येत नाही. 2009 साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना दोन तास 100 डेसिबल आवाजात ठेवलं. काही दिवस-आठवड्यांत त्यांची ऐकण्याची पातळी परत आली आणि केसपेशीही शाबूत होत्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा उंच स्वरांच्या भागात केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे निम्म्याच्या आसपास सांधे कायमचे गेले होते.

माणसात हे सांधे जिवंतपणी थेट मोजता येत नाहीत, त्यामुळे तेवढंच नुकसान आपल्याही कानांत होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही शिट्टी ही कानाने दिलेली सूचनाच समजा. केसपेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

तपासणीत काय करतात? आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तर शिट्टी खोटी का?

आधी कानात पाहून मळ, पडदा आणि जंतुसंसर्ग तपासतात. मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री होते. बारीकात बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मोठ्या आवाजाने नुकसान झालं असेल, तर आलेखात 4,000 हर्ट्‌झच्या आसपास खड्डा दिसतो आणि 8,000 ला रेषा पुन्हा थोडी वर येते. तपासणीच्या आदल्या रात्री मोठा आवाज टाळा, नाहीतर दमलेल्या कानाचा आलेख निघेल.

शिट्टी खरी आहे. नेहमीची चाचणी 250 ते 8,000 हर्ट्‌झ एवढंच पाहते. त्यावरच्या पट्टीतली घट तिच्यात दिसत नाही. वर सांगितलेले सांधे गेले, तरी शांत खोलीतला सूर ऐकू येतो, पण गोंगाटात बोलणं समजायला जड जातं. तुम्हाला असं होत असेल, तर ऐकण्याची चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे ऑडिओलॉजिस्टना, मुद्दाम सांगा. काही ठिकाणी 16,000 हर्ट्‌झपर्यंतची चाचणी होते. जाताना चालू असलेल्या औषधांची यादीही न्या. मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, काही प्रतिजैविकांची इंजेक्शनं आणि काही केमोथेरपीची औषधं यांनीही कान वाजतो. पण ती औषधं स्वतःहून बंद करू नका.

मास्किंग ॲप काय करतं? त्याने कर्णनाद बरा होतो का?

बरा होत नाही. ते त्रास कमी करायला मदत करतं, आणि हा फरक सुरुवातीलाच मनाशी पक्का केला, तर पुढचा अपेक्षाभंग टळतो.

1970 च्या दशकात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी कानाच्या मागे लावायचे मास्कर यंत्र वापरात आणले. तेव्हा शिट्टी पूर्ण झाकून टाकण्यावर भर होता. पुढे 1990 साली पावेल यास्त्रेबॉफ यांनी वेगळा विचार मांडला. मेंदूने एखाद्या आवाजाला धोका मानलं की तो त्याच्यावर पहारा ठेवतो. तोच आवाज निरुपद्रवी म्हणून रोज कानावर पडत राहिला की पहारा उठतो. घड्याळाची टिकटिक काही दिवसांनी ऐकू येईनाशी होते, ती अशाच सवयीने. आता शिट्टी पूर्ण झाकली, तर मेंदूला तिची सवय व्हायची कशी? म्हणून हलका आवाज तिच्या शेजारी ठेवायचा, म्हणजे ती ऐकू येते पण उठून दिसत नाही.

पुराव्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. 2018 साली कॉक्रेन संस्थेने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. ध्वनी-उपचाराची साधनं इतर पर्यायांपेक्षा सरस आहेत, असं त्यातून सिद्ध झालं नाही. तरी ॲप फुकट किंवा स्वस्तात मिळतं, नीट वापरलं तर नुकसान करत नाही आणि पुष्कळांना झोपेसाठी आणि एकाग्रतेसाठी त्याचा आधार होतो. म्हणून ते वापरून पाहा, असं मी सांगते.

ॲपचा आवाज किती ठेवायचा?

सगळी मेख इथेच आहे. आपल्या विद्यार्थिनीकडे परत जाऊ. तिची शिट्टी दोन आठवडे झाले तरी गेली नाही. तपासणीत 4,000 हर्ट्‌झला छोटा खड्डा निघाला, बाकी काळजीचं काही नाही. आता ती ॲप लावते आहे.

ती नेहमीच्या खोलीत बसते, पंखा बंद करते आणि ॲपमधला पावसाचा आवाज शून्यावरून हळूहळू वाढवत नेते. सुरुवातीला पाऊस जेमतेम ऐकू येतो आणि शिट्टी स्पष्ट असते. थोडं वाढवल्यावर दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. आणखी वाढवल्यावर एक क्षण येतो, जिथे शिट्टीची कड पुसट होते आणि ती पावसात मिसळते. याला ऑडिओलॉजिस्ट मिश्रणबिंदू म्हणतात. त्याच्याही पुढे गेलं की शिट्टी नाहीशी होते. आपली विद्यार्थिनी मिश्रणबिंदूपर्यंत जाते आणि तिथून जरासं मागे येते. तिने मुक्काम करायचा तो इथे. शिट्टी लक्ष देऊन शोधली तर सापडते, नाही शोधली तर पावसाच्या कडेला पडून राहते.

हे करताना फोनच्या बाजूची बटणं फार ढोबळ पडतात. एका टप्प्यात शिट्टी ठळक असते आणि पुढच्या टप्प्यात ती एकदम गायब होते. म्हणून फोनचा आवाज मध्यावर ठेवा आणि बारीक फेरफार ॲपमधल्या पट्टीने करा.

आवाज बरोबर लागला की नाही, हे बोलून कळतं. खोलीतल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात गप्पा मारता आल्या पाहिजेत. तुम्हाला आवाज चढवावा लागत असेल, तर पाऊस मोठा झालाय. शिट्टी कितीही मोठी वाटली, तरी चाचणीत तिची बरोबरी करायला लावलेला सूर बहुतेक वेळा ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोडेच डेसिबल वर असतो. त्यामुळे तिच्याशी मिसळायला सहसा मोठा आवाज लागतच नाही. आवाज शेवटाकडे नेऊनही शिट्टी झाकली जात नसेल, तर वाढवत राहू नका. काहींच्या कर्णनादावर बाहेरचा कोणताच आवाज मात करू शकत नाही. त्यांच्यासाठी वेगळे मार्ग आहेत, पण ॲपचा आवाज वाढवणं हा नव्हे.

कोणता आवाज निवडू? पांढरा, गुलाबी, तपकिरी यांत काय फरक?

पांढऱ्या आवाजात सगळ्या पट्ट्यांत सारखी ऊर्जा असते, त्यामुळे तो "सSSS" असा तीक्ष्ण वाटतो. गुलाबीमध्ये उंच स्वर कमी होत जातात आणि तो धो-धो पावसाजवळ जातो. तपकिरी आणखी खालच्या पट्टीत घुमतो.

उंच शिट्टीशी मिसळायला उंच स्वर असलेला आवाज लागतो, म्हणून पांढरा, गुलाबी किंवा पाऊस बरे. तपकिरी आवाज मनाला शांत वाटतो, पण शिट्टीच्या पट्टीत त्याच्यात फारसं काही नसतं. शिवाय फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे स्वर निघतच नाहीत. तपकिरी आवाज ऐकू येत नाही म्हणून लोक फोनचा आवाज वाढवत बसतात ते त्यामुळे.

अंतिम निकष मात्र तुमच्या आवडीचा आहे. दहा मिनिटांत विसरायला होतो, तो आवाज चांगला. गाणी, गप्पा किंवा पक्ष्यांची किलबिल लक्ष ओढून घेते. तीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारी ॲप्सही टाळा. जोड जिथे येतो तिथे बारीक ठसका ऐकू येतो, आणि एकदा तो कळला की कान त्याचीच वाट पाहत बसतो.

इअरफोनवर ऐकू की स्पीकरवर?

शक्य तिथे स्पीकरवर. कानाच्या आत बसणारे इअरबड बाहेरचे आवाज अडवतात आणि घरातले साधे आवाजच मास्किंगचं निम्मं काम करत असतात. बाहेर असताना इअरफोन वापरावेच लागले, तर कान उघडा ठेवणारे घ्या आणि आवाज घरातच ठरवून निघा. गोंगाटात ठरवलेला आवाज हमखास मोठा असतो.

शिट्टी एका कानात असली, तरी आवाज दोन्ही कानांना ऐकू येऊ द्या.

झोपताना कसं वापरायचं?

दिवसाचा आवाज रात्री मोठा वाटतो, म्हणून तो पुन्हा शून्यापासून लावा. झोप लागायलाच अडचण असेल, तर तासाभराचा टायमर पुरतो. मध्यरात्री जाग येऊन शिट्टी अंगावर येत असेल, तर टायमर नको, रात्रभर मंद चालू द्या. इंटरनेटवरच्या व्हिडिओपेक्षा फोनमध्ये साठवलेला आवाज घ्या. रात्री दोन वाजता मध्येच जाहिरात दणाणली, तर सगळी मेहनत वाया जाते.

आयफोनमध्ये वेगळं ॲप न घेताही हे करता येतं. Settings मध्ये Accessibility, तिथे Audio & Visual आणि मग Background Sounds. त्यात Rain, Ocean, Dark Noise वगैरे पर्याय मिळतात आणि त्यांच्या आवाजाची पट्टी वेगळी असते.

ॲप बंद केल्यावर काही क्षण शिट्टी पूर्ण गायब होते. हे चांगलं लक्षण आहे का?

अनेकांना असं होतं. मास्किंगचा आवाज थांबल्यावर काही सेकंद ते मिनिट-दीड मिनिट नाद दबलेला राहतो. त्याने घाबरू नका आणि तो क्षण पुन्हा पुन्हा मिळवण्यासाठी आवाज वाढवून ऐकू नका.

माझी शिट्टी ॲप लावल्यावर उलट वाढते. आता?

काहींचे कान मोठ्या आवाजाच्या मारानंतर साध्या आवाजांनाही हळवे होतात. भांडी आपटल्याचा आवाज टोचतो, आणि ॲप लावलं की शिट्टी त्याच्याशी चढाओढ करते. असं असेल, तर पांढऱ्या आवाजाऐवजी मऊ आवाज घ्या, मिश्रणबिंदूच्या बरंच खाली ठेवा आणि पाच-दहा मिनिटांनी बंद करा. तरीही ॲप बंद केल्यावर शिट्टी तासन्‌तास चढलेली राहत असेल, तर प्रयोग थांबवा आणि ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखालीच पुढे जा.

"तुमच्या शिट्टीची फ्रिक्वेन्सी शोधा आणि कर्णनाद घालवा" म्हणणारी महागडी ॲप्स घेऊ का?

मी घेणार नाही. गाण्यातून शिट्टीच्या पट्टीचा भाग कापून ऐकवण्याची एक पद्धत आहे. तिच्यावर संशोधन झालं आहे, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय घरी फ्रिक्वेन्सी जुळवताना माणूस सहज चुकतो आणि अर्धा-पाऊण तास शिट्टीकडे कान लावून बसतो. तिच्यावरचं लक्ष उठावं म्हणून सगळा खटाटोप असताना हे नेमकं उलटं होतं.

यावर गोळी आहे का?

कर्णनाद घालवणारी, सिद्ध झालेली गोळी नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शनात जिंको बिलोबा, मेलॅटोनिन आणि झिंक यांची शिफारस करू नये, असं म्हटलं आहे. अचानक ऐकू येणं कमी झालं, तर द्यायचं स्टेरॉइड हा वेगळा विषय आहे. त्याबद्दल वर आलंच आहे.

पुन्हा इअरफोनवर गाणी ऐकता येतील का?

येतील. शिट्टी आणि दडा पूर्ण गेल्यावर सुरुवात करा. शिट्टी राहिलेली असेल, तर चाचणी झाल्यावर ऑडिओलॉजिस्टना विचारून. खरी अडचण गोंगाटाची आहे. बाहेरचा आवाज अडवणारे किंवा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले, तर गाणं वाढवायची गरजच कमी होते. आयफोनमध्ये Sounds & Haptics खाली Headphone Safety मध्ये Reduce Loud Audio चालू करून कमाल डेसिबल ठरवता येतात. 80 वर ठेवा. अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनमध्येही आवाजावर मर्यादा घालायची सोय सेटिंग्जमध्ये सापडते. विद्यार्थिनीच्या उदाहरणात 95 ऐवजी 80 डेसिबल असते, तर तिच्या तीन तासांनी आठवड्याच्या 40 तासांतले फक्त तीन खर्च झाले असते.

मास्किंग ॲप किती दिवस वापरायचं?

सवय व्हायला आठवडे नाही, महिने लागतात. रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे शांत वेळी, वाचताना, झोपताना लावा आणि शिट्टी किती मोठी आहे याची नोंद ठेवू नका. नोंद ठेवायचीच असेल, तर आज किती वेळ तिच्याकडे लक्ष गेलं आणि झोप कशी लागली, एवढंच महिन्यातून एकदा लिहा. ॲप लावायचं विसरलात आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की आवाज आणखी एक पायरी खाली आणा. मग दिवसाचा वापर बंद करा आणि रात्रीचा शेवटी.

काही महिन्यांनंतरही शिट्टीमुळे झोप, अभ्यास किंवा काम बिघडत असेल, तर नवं ॲप शोधू नका. कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी म्हणजे सीबीटी करणाऱ्या मानसोपचार तज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे जा. शिट्टीचा आवाज त्याने कमी होत नाही, पण तिच्यामुळे होणारा त्रास कमी करण्यात सगळ्यात भक्कम पुरावा याच उपचाराच्या बाजूने आहे. ॲप त्याच्या जोडीला चालू ठेवता येतं.